कोठडी, जामीन, समन्स, स्थगिती: निकालाआधीचे शब्द

‘आरोपीला चार दिवसांची पोलीस कोठडी.’ अशी बातमी ग्रुपवर पडली की पहिला मेसेज येतो, ‘बरं झालं, आत गेला.’ तीन आठवड्यांनी त्याच माणसाची ‘जामीन मंजूर’ अशी बातमी येते आणि त्याच ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘बघा, सुटला शेवटी.’ दोन्ही मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं, कोर्टाचा निकाल लागला. प्रत्यक्षात निकाल तर सोडाच, खटलाही अजून सुरू झालेला नसतो.

कोठडी, जामीन, समन्स, स्थगिती हे बातम्यांमधले रोजचे शब्द. या चारही शब्दांचं एक साम्य लक्षात ठेवा: हे सगळे निकालाआधीचे शब्द आहेत. खरं-खोटं ठरायला वेळ लागणार आहे, तोवर या माणसाचं काय करायचं, त्या कायद्याचं काय करायचं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात असतं. त्यामुळे ‘कोठडी मिळाली’ यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही आणि ‘जामीन मिळाला’ यावरून कुणी निर्दोषही ठरत नाही.

नुसत्या व्याख्या पाठ करून हे डोक्यात बसत नाही. त्यापेक्षा एक प्रकरण सुरुवातीपासून बघू. प्रकरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी कायद्यातली आहे. आपल्या आरोपीचं नाव ठेवू बंड्या.

आधी येते ती नोटीस

बंड्या पुण्यात टीवाय बीकॉमला आहे. ओळखीच्या एकानं त्याला सांगितलं, ‘तुझं बँक अकाउंट, एटीएम कार्ड आणि सिम दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो.’ बंड्यानं दिलं. त्या अकाउंटवर एका निवृत्त शिक्षिकेला फसवून उकळलेले दोन लाख रुपये आले आणि त्याच दिवशी एटीएममधून निघूनही गेले. बाईंनी सायबर पोलिसांत तक्रार दिली, एफआयआर झाला. पैसे कुठे गेले हे शोधताना पोलिसांना पहिलं नाव मिळालं ते बंड्याचं, कारण खातं त्याच्या नावावर.

फसवणुकीच्या या कलमाला भारतीय न्याय संहितेत कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. हा सातचा आकडा महत्त्वाचा, कारण सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नसते. अटक का गरजेची आहे याची कारणं लिहून ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात हे बजावून सांगितलं. गरज नसेल तर पोलीस आरोपीला चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस देतात. बातमीत पुष्कळदा याच कागदाला ‘पोलिसांचं समन्स’ म्हणतात, पण समन्स हा मुळात कोर्टाचा कागद. त्याच्याकडे आपण नंतर येऊ. नोटिशीप्रमाणे माणूस हजर होत राहिला, तर सहसा त्याला अटक करता येत नाही. तरीही करायची झाली तर पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात.

बंड्याला अशी नोटीस आली: २७ फेब्रुवारीला फोन आणि बँकेची कागदपत्रं घेऊन या. तो घाबरला. फोन फॅक्टरी रिसेट केला आणि गावी निघून गेला. म्हणजे पोलिसांना हवी होती ती दोन्ही कारणं त्यानं स्वतःच दिली: नोटीस पाळली नाही आणि पुरावा पुसला. ३ मार्चला संध्याकाळी सात वाजता त्याला अटक झाली.

चोवीस तास, आणि मग रिमांड

अटक झाली त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा यातून वगळतात. चोवीस तासांपुढे एक तासही ठेवायचं असेल तर पोलिसांच्या मर्जीवर चालत नाही, न्यायाधीशाची परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे रिमांड.

४ मार्चला दुपारी बंड्या कोर्टात उभा राहतो. त्यानं गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. तपास अधिकारी एक रिमांड अर्ज देतो. त्यात लिहिलेलं असतं की एटीएम कार्ड कुणाला दिलं ते विचारायचं आहे, पैसे कुठल्या एटीएममधून निघाले ती जागा दाखवून घ्यायची आहे, फोनमधला डेटा परत मिळवायचा आहे, म्हणून सात दिवस हवेत. बंड्याचा वकील म्हणतो की फोन जप्त झालाय, बँकेचं स्टेटमेंट पोलिसांकडे आहेच, आता माणसाची गरज काय? न्यायदंडाधिकारी दोन्ही बाजू ऐकून चार दिवस देतात.

दुसऱ्या दिवशी बातमी येते: ‘विद्यार्थ्याला ८ मार्चपर्यंत पोलीस कोठडी.’ या ओळीचा अर्थ इतकाच की पोलिसांनी तपासासाठी सात दिवस मागितले होते आणि कोर्टानं चार दिले.

पीसीआर आणि एमसीआर

कोर्टाच्या आवारात उभं राहिलात तर वकील आणि पोलिसांच्या तोंडी दोन शब्द सतत ऐकू येतील: पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. बातमीत दोन्ही ‘कोठडी’च असल्यामुळे आपण त्यांना एकच समजतो. आरोपीसाठी मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोलीस कोठडीत माणूस पोलिसांच्या ताब्यात, लॉकअपमध्ये असतो. पोलीस त्याला हवं तेव्हा बाहेर काढून प्रश्न विचारू शकतात, घटनास्थळी नेऊ शकतात. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो आणि तुरुंग पोलिसांच्या नव्हे, कारागृह प्रशासनाच्या हातात असतो. तिथे पोलिसांना मनाला येईल तेव्हा चौकशी करता येत नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते. मारहाणीचा, दबावाचा धोका पहिल्या प्रकारात जास्त, म्हणून कायद्यानं पोलीस कोठडीला कडक मर्यादा घातली आहे: एका गुन्ह्यात एकूण पंधरा दिवस, त्याहून जास्त नाही. काही विशेष कायद्यांचे नियम वेगळे आहेत, ते इथे बाजूला ठेवू.

या पंधरा दिवसांच्या हिशेबात अलीकडे एक मोठा बदल झाला. जुन्या कायद्यात पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागायची. ती मुदत टळली की संपलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यानं घेता येतात. बंड्याच्या गुन्ह्यासारख्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत कधीही, आणि अधिक गंभीर गुन्ह्यांत पहिल्या साठ दिवसांत.

८ मार्चला पोलीस आणखी तीन दिवस मागतात. कोर्ट म्हणतं, चार दिवसांत जे विचारायचं ते विचारून झालंय. बंड्याची रवानगी येरवड्याला होते. बातमी: ‘१४ दिवसांची न्यायालयीन कोठडी.’ वाचणाऱ्याला वाटतं, चारचे चौदा झाले, म्हणजे प्रकरण गंभीर होत चाललंय. खरं तर उलट झालंय, पोलिसांचा त्याच्यावरचा ताबा सुटलाय. मात्र नव्या कायद्यामुळे त्यांचे अकरा दिवस अजून शिल्लक आहेत. १२ एप्रिलपर्यंत, म्हणजे चाळीसाव्या दिवसापर्यंत, नवं कारण दाखवून ते त्याला पुन्हा मागू शकतात. ‘न्यायालयीन कोठडीतून पुन्हा पोलीस कोठडीत’ अशी बातमी वाचलीत तर आता गोंधळायचं कारण नाही.

याच टप्प्यावर आणखी एक ओळ हमखास छापून येते: ‘आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली.’ आपण मनातल्या मनात फाइल बंद करतो. कायदा करत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्या आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, समजा लपवलेलं कार्ड, तर त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरतात. कोठडीत माणूस काय वाट्टेल ते कबूल करू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

जामीन म्हणजे नक्की काय?

जामीन म्हणजे हमी. आरोपी तारखेला हजर राहील, पळून जाणार नाही, साक्षीदारांना धमकावणार नाही, याची हमी घेऊन खटला संपेपर्यंत त्याला बाहेर ठेवायचं. यामागचा विचार साधा आहे: दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, मग त्याला आधीच आत ठेवायला काहीतरी कारण हवं. ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे जे वाक्य बातम्यांत येतं, त्याचं मूळ न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली बालचंद प्रकरणात दिलेल्या आदेशात आहे.

काही गुन्हे जामीनपात्र असतात, काही अजामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्कच, न्यायाधीशाला ‘नाही’ म्हणता येत नाही. अजामीनपात्र या शब्दानं मात्र फार घोटाळा केलाय. त्याचा अर्थ ‘जामीन मिळूच शकत नाही’ असा नाही. जामीन द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवेल, एवढाच त्याचा अर्थ. बंड्याचा गुन्हा अजामीनपात्र आहे.

१० मार्चला त्याचा वकील अर्ज करतो. न्यायदंडाधिकारी तीन दिवसांनी तो फेटाळतात. कारण काय? मुख्य सूत्रधार अजून फरार आहे आणि बंड्यानं आधीच एकदा फोन पुसलाय, बाहेर सोडला तर आणखी पुरावा नष्ट होईल. बघा, इथेही ‘बंड्या दोषी आहे’ असं कोर्टानं म्हटलेलं नाही. त्याला बाहेर सोडणं आज धोक्याचं आहे, एवढंच म्हटलंय. वकील मग सत्र न्यायालयात जातो. तोवर पोलिसांनी सूत्रधाराला पकडलेलं असतं, धोका कमी झालेला असतो, आणि २५ मार्चला जामीन मंजूर होतो.

बातमी येते: ‘२५ हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन.’ यातला जातमुचलका म्हणजे आरोपीनं स्वतः लिहून दिलेला करार. तारखेला हजर राहिलो नाही तर इतकी रक्कम भरेन, असं त्यात असतं. २५ हजार रुपये त्या दिवशी कुणी काउंटरवर मोजून देत नाही. पळाला तरच ते वसूल होतात. रोख रक्कम जमा करायला सांगितली असेल तर बातमीत ‘रोख जामीन’ असं वेगळं लिहितात. म्हणून ‘पैसे भरून सुटला’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. शिवाय अटी असतात. बंड्याला दर सोमवारी सायबर पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आहे, साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही, परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. अटी मोडल्या तर जामीन रद्द होतो. ‘जामीन फेटाळला’ आणि ‘जामीन रद्द’ यांतला फरकही इथेच आहे: पहिल्यात जामीन मिळालेलाच नसतो, दुसऱ्यात मिळालेला काढून घेतलेला असतो.

आदेश झाला, पण दार उघडलं नाही

जातमुचलक्याबरोबर कोर्टानं तेवढ्याच रकमेचा एक जामीनदारही मागितला होता. जामीनदार म्हणजे ‘हा पळाला तर मी भरेन’ असं सांगणारी दुसरी व्यक्ती. तिला ओळख, पत्ता आणि ऐपत कागदावर दाखवावी लागते: पगाराची स्लिप, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला. बंड्याचा मामा ही कागदपत्रं घेऊन येईपर्यंत तीन दिवस गेले. २८ मार्चला तो बाहेर आला.

कागदांचा हा प्रवास मोठमोठ्यांनाही चुकत नाही. अभिनेता शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ३ ऑक्टोबर २०२१ ला अटक, २८ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाकडून जामीन, आणि आर्थर रोड तुरुंगातून सुटका थेट ३० ऑक्टोबरला. २९ तारखेला सुटकेचा कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत वेळेत पडला नव्हता, म्हणून आणखी एक रात्र आत काढावी लागली. आणि मे २०२२ मध्ये दाखल झालेल्या दोषारोपपत्रात त्याचं नाव आरोपी म्हणून आलंच नाही. जवळपास चार आठवडे तुरुंगात, पण पुढे खटलाच नाही. कोठडीवरून दोष ठरवायचा नसतो तो यासाठी.

ज्यांच्या मागे वकिलांची फौज नसते, त्यांची रात्र एकच नसते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकाल लागलेला नव्हता. त्यांच्यात असेही असतात की ज्यांना जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही. बाहेरगावून कामाला आलेल्या मजुरासाठी या शहरात सातबारा घेऊन कोण उभं राहणार? सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला यावर निर्देश दिले. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि प्राधिकरणानं वकील किंवा स्वयंसेवक पाठवून अडचण सोडवायची. तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे १५१००.

साठ दिवसांचा हिशेब

आता समजा, सत्र न्यायालयानंही जामीन नाकारला असता, तर बंड्या किती दिवस आत राहिला असता? इथे एक कमी माहीत असलेला हक्क उपयोगी पडतो. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत तपास पुरा करून दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. गुन्हा किती गंभीर, याची चर्चा मग होत नाही. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत नव्वद दिवस आहे, बाकीच्या गुन्ह्यांत साठ. मकोका आणि यूएपीएसारख्या कायद्यांत ती १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

मोजणी अटकेपासून करायची नाही, पहिल्या रिमांडपासून करायची, आणि रिमांडचा दिवसही धरायचा. बंड्याचा पहिला दिवस ४ मार्च. मार्चचे अठ्ठावीस दिवस, एप्रिलचे तीस, म्हणजे अठ्ठावन्न. साठावा दिवस २ मे. त्या दिवशीपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही, तर ३ मेला बंड्याला हक्काचा जामीन मागता येतो.

‘मागता येतो’ हे शब्द नीट वाचा, कारण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. ३ मेला वकील आला नाही आणि पोलिसांनी ४ मेला दोषारोपपत्र टाकलं, तर हक्क गेला. अर्ज आधी झाला आणि दोषारोपपत्र तासाभरानं आलं, तर हक्क टिकतो. ‘मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने जामीन’ अशी बातमी आली की लोक कोर्टाला दोष देतात. खरा प्रश्न पोलिसांना विचारायला हवा: दोन महिन्यांत कागद का तयार झाले नाहीत?

समन्स आलं म्हणून घाबरायचं का?

पुढचा शब्द बंड्याच्या रूममेटच्या दारात येतो. दोषारोपपत्रात तो साक्षीदार आहे, कारण बंड्यानं कार्ड दिलं तेव्हा तो खोलीत होता. खटला सुरू झाल्यावर, कदाचित दोन-तीन वर्षांनी, त्याला कोर्टाचं समन्स येतं. त्याची आई फोनवर रडते, ‘तू काय केलंस?’ त्यानं काहीच केलेलं नाही. समन्स म्हणजे ‘अमुक तारखेला, अमुक कोर्टात हजर राहा’ असा कोर्टाचा हुकूम. आरोपीलाही येतो, साक्षीदारालाही येतो. म्हणून ‘अमक्याला समन्स’ एवढंच वाचून थांबू नका, कुठल्या नात्यानं बोलावलंय ते शोधा.

रूममेट घरी नसेल तर समन्स त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीकडे देता येतं. जुन्या कायद्यात इथे ‘प्रौढ पुरुष’ असं होतं. घरात आई किंवा बहीण असली तरी तिच्या हातात समन्स द्यायची सोय नव्हती. २०२४ पासून तो ‘पुरुष’ गेला.

समन्स मिळूनही रूममेट गेला नाही, तर कोर्ट जामीनपात्र वॉरंट काढू शकतं: पोलीस येतील, पण हमी दिली की सोडतील. तरीही तो टाळत राहिला, तर अजामीनपात्र वॉरंट. त्यात पोलीस धरून थेट कोर्टापुढे नेतात. नेते आणि कलाकारांच्या बाबतीत ‘वॉरंट निघालं’ अशी जी बातमी येते, ती कित्येकदा तारखांना दांडी मारल्याची असते. नवा गुन्हा घडलाय असं समजू नका.

समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही येऊ शकतं, आणि याचाच फायदा भामटे घेतात. समन्स खरं की खोटं हे कसं ओळखायचं? खऱ्या समन्सवर कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख आणि कोर्टाचा शिक्का असतो. खटल्याचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून तुम्ही स्वतः तपासू शकता, किंवा त्या कोर्टात जाऊन विचारू शकता. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुमच्या नावे वॉरंट आहे, कॅमेरा बंद करू नका, पैसे भरा’ म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

आणि स्थगिती

बंड्याच्या प्रकरणात न आलेला, पण विद्यार्थ्यांच्या आयुष्यात थेट घुसणारा शब्द म्हणजे स्थगिती. इथे माणसाऐवजी एखादा कायदा, आदेश किंवा निकाल ‘तूर्तास थांब’ म्हणून थांबवला जातो. तो रद्द होत नाही. पुस्तकात राहतो, फक्त त्याची अंमलबजावणी होत नाही.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ, ज्यात प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना या शब्दाचा अर्थ स्वतःच्या अंगावर कळला. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१९ मध्ये वैध ठरवला, टक्केवारी मात्र कमी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०१९ मध्ये त्या न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला. ९ सप्टेंबर २०२० ला त्याच न्यायालयानं, त्याच कायद्याला स्थगिती दिली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवलं. अकरावीचे प्रवेश तेव्हा अर्ध्यावर होते. २०२०-२१ चे प्रवेश या आरक्षणाशिवाय करा, असं आदेशात होतं. पण वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधीच झालेले प्रवेश बदलायचे नाहीत, असंही होतं. अंतिम निकाल आला ५ मे २०२१ ला, आणि त्यात कायदा रद्द झाला.

या तारखा शेजारी ठेवून बघा. २०१९ साली ‘स्थगितीस नकार’ वाचून ज्यांना वाटलं की कायदा टिकला, त्यांचा अंदाज चुकला. २०२० साली ‘स्थगिती’ वाचून ज्यांनी कायदा गेला असं मानलं, त्यांचा अंदाज पुढे खरा ठरला, पण त्या दिवशी तो फक्त अंदाज होता. मधले आठ महिने कायदा गेलेला नव्हता, झोपलेला होता.

स्थगिती देताना कोर्ट साधारण तीन गोष्टी बघतं. मागणाऱ्याच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी, म्हणजे वरवर पाहता, दम आहे का? आत्ता थांबवलं नाही तर नंतर भरून न येणारं नुकसान होईल का? आणि थांबवल्यानं जास्त लोकांची गैरसोय होईल की न थांबवल्यानं? बातमीत ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द दिसला की थोडं थांबा. न्यायाधीश स्वतःच सांगत असतात की आम्ही अजून पूर्ण तपासलेलं नाही. ‘जैसे थे’चा आदेश असेल, तर त्या दिवशी जी स्थिती आहे ती कुणीच बदलायची नाही, दोन्ही बाजूंनी.

पुढच्या वेळी ग्रुपवर कोर्टाची बातमी पडली की मत देण्याआधी तिच्यात तीन गोष्टी शोधा. आदेश कुठल्या कोर्टाचा आहे, कारण वर अजून एक-दोन कोर्टं शिल्लक असू शकतात. तो कधीपर्यंतचा आहे, कारण ‘८ मार्चपर्यंत’, ‘पुढील सुनावणीपर्यंत’ हे शब्द नेहमी वाक्याच्या शेवटी दडलेले असतात. आणि बातमीत ‘दोषी ठरवले’ किंवा ‘निर्दोष मुक्तता’ यांपैकी एक तरी शब्द आहे का. नसेल, तर प्रकरण चालू आहे. बंड्याचंही चालूच आहे. तो दर सोमवारी हजेरीला जातोय, आणि त्यानं गुन्हा केला की नाही हे अजून कुठल्याच कोर्टानं सांगितलेलं नाही.